मागची शिक्षा कधी मोजली जाते?

‘सराईत चोरट्यास अटक, चौदा गुन्हे दाखल’ अशी बातमी वाचली की आता याला जबर शिक्षा होणार, असं आपण गृहीत धरतो. कोर्टात मात्र या चौदा गुन्ह्यांची बेरीज शून्यही निघू शकते. गुन्हा दाखल होणं म्हणजे कुणीतरी तक्रार दिली आणि पोलिसांनी ती नोंदवली, एवढंच. त्या चौदांपैकी एकातही न्यायालयानं दोषी ठरवलेलं नसेल, तर कायद्याच्या लेखी या माणसाला मागची शिक्षा नाहीच.

दोषी ठरवलेलं असेल तर काय होतं, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. समजा, सुरेश नावाच्या तरुणानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंडईत एकाच्या खिशातून बावीस हजारांचा मोबाईल काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला तीन महिन्यांची कैद झाली. ती भोगून तो सुटला आणि त्याच वर्षी दिवाळीच्या गर्दीत पंचवीस हजारांचा दुसरा मोबाईल चोरताना पकडला गेला.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याला न्यायाधीश नुसता दंड करूनही सोडू शकतात. माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल आणि तो परत केला असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. पण हे दार पहिल्या खेपेपुरतंच उघडं असतं. याच कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरलं की किमान एक वर्ष सक्तमजुरी ठरलेली, कमाल मर्यादा पाच वर्षं, आणि वर दंड. म्हणजे दुसऱ्या मोबाईलसाठी सुरेशला वर्षभराच्या आत बाहेर सोडण्याची मुभा न्यायाधीशांनाही उरत नाही.

याच्या वरची पायरी कलम १३ मध्ये आहे. जुन्या दंड संहितेचं कलम ७५ ते हेच. नाणी, नोटा, सरकारी मुद्रांक आणि मालमत्तेविरुद्धचे गुन्हे एवढ्यांनाच ते लागू होतं. मारामारी किंवा खून त्यात येत नाही. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही गुन्हे तीन वर्षं किंवा त्याहून अधिक कैदेस पात्र असतील, तर नव्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही देता येते. इथे ‘पात्र’ हा शब्द महत्त्वाचा. सुरेशला प्रत्यक्षात तीनच महिने झाले होते, तरी चोरीचा गुन्हा तीन वर्षांच्या शिक्षेचा असल्यामुळे त्याची पहिली शिक्षा धरली जाते. अर्थात ही फक्त वरची मर्यादा आहे. मोबाईलच्या चोरीला दहा वर्षं द्यायलाच हवीत, असं कलम म्हणत नाही.

क्रमही तितकाच महत्त्वाचा. आधी दोषी ठरलेला असताना पुन्हा गुन्हा केला, अशी या कलमाची रचना आहे. सुरेशनं दोन्ही मोबाईल ऑगस्टमध्येच चोरले असते आणि निकाल मागेपुढे लागले असते, तर कलम १३ त्याला लागलं नसतं. एकदा शिक्षा होऊनही माणूस त्याच वाटेनं गेला, यासाठी ही वाढ आहे.

आता खरी मेख. सुरेश दुसऱ्यांदा कोर्टापुढे उभा आहे. त्याची पहिली शिक्षा न्यायाधीशांना कधी सांगायची? ‘यानं आधीही चोरी केली होती’ हे खटल्याच्या सुरुवातीलाच कानावर पडलं, तर या वेळच्या कच्च्या पुराव्यालाही वजन येतं. म्हणून कायद्यानं या माहितीला वेळ ठरवून दिली आहे. मागच्या शिक्षेच्या आधारे वाढीव शिक्षा मागायची, तर ती कोणती, कधी आणि कुठल्या कोर्टात झाली हे दोषारोपपत्रात लिहावं लागतं. राहून गेलं तर शिक्षा सुनावण्यापूर्वी ते घालता येतं. मात्र दोषारोप वाचून दाखवताना हा भाग वाचायचा नाही, आरोपीला त्याबद्दल विचारायचं नाही आणि सरकारी वकिलांनी त्याचा उल्लेखही करायचा नाही. नव्या चोरीत तो दोषी ठरला, की मगच हे पान उघडायचं. याला ठळक अपवाद असा, की आरोपीनं स्वतःच आपल्या सज्जनपणाचा पुरावा दिला, तर त्याला उत्तर म्हणून सरकारी पक्ष जुनी शिक्षा पुढे आणू शकतो.

पान उघडल्यावर आरोपीनं ‘तो मी नव्हेच’ म्हटलं, तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: शिक्षा झाली होती, आणि ती याच माणसाला झाली होती. पहिलीसाठी जुन्या निकालाचा प्रमाणित उतारा किंवा तुरुंगाधिकाऱ्याचा दाखला चालतो. दुसरीत प्रकरण अडकतं. एकाच नावाची चार माणसं असतात, एकच माणूस चार नावं सांगतो. हा प्रश्न इतका जुना आहे, की बोटांच्या ठशांचं शास्त्र भारतात वाढलं ते मुख्यतः यासाठीच. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, ते नाव बदलून पुन्हा येणारे जुने कैदी ओळखायला. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी त्या ठशांच्या वर्गवारीत मोलाची भर घातली. आजही ठसे जुळले नाहीत आणि ओळख पटवणारा साक्षीदारही नसेल, तर केवळ नावाच्या साम्यावर वाढीव शिक्षा टिकत नाही. जुनी शिक्षा अपिलात रद्द झाली असेल, तर मुद्दाच संपतो.

त्यानंतर प्रश्न येतो अधिकाराचा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंतच कैद देऊ शकतात, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. त्यामुळे दहा वर्षांच्या तोडीची शिक्षा मागायची असेल, तर प्रकरण सत्र न्यायालयाकडे जावं लागतं.

एवढे नियम कशासाठी, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. १९५२ मध्ये तो कायदा गेला. मुंबई राज्यानं १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा जो कायदा केला, त्यात निकष जातीचा नव्हे तर झालेल्या शिक्षांचा ठेवला. तरी जुनी नजर सुटली नाही. तुरुंग नियमावल्यांमध्ये ‘सराईत’ या शब्दाला विमुक्त जमातींचा संदर्भ चिकटून राहिला, आणि तो काढून टाका असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावं लागलं.

सुरेशची एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या खटल्यात त्यानं साक्षीपुरावा होऊच दिला नव्हता. जामीनदार नव्हता, कच्च्या कैदेत तीन महिने गेलेच होते. ‘गुन्हा कबूल कर, भोगलेले दिवस वजा होतील, आजच सुटशील,’ असं बराकीतल्या कुणीतरी सांगितलं. त्यानं कबूल केलं आणि तो संध्याकाळी खरोखर घरी गेला. त्या दुपारी त्याला ती सुटका वाटली होती. पुढच्या प्रत्येक चोरीच्या खटल्यात तीच त्याची पहिली शिक्षा म्हणून मोजली जाणार आहे.