परतीची गाडी रिकामी आणावी की भरून?

लासलगावहून कांदा भरून वाशीच्या बाजारात जाणाऱ्या दहाचाकी ट्रकच्या मालकाला ‘एका फेरीत सुटतं किती?’ असं विचारलं, तर तो बोटांवर हिशेब सांगतो: भाडं इतकं, त्यातून डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता वजा, उरलं ते आपलं. हा रोकडीचा हिशेब झाला. अशा हिशेबात गाडी महिनोन्‌महिने नफ्यात दिसते आणि दहाही टायर एकदम बदलायची वेळ आली की मालक उसनवारीला निघतो. टायर रोज झिजत होता, पण त्याचं बिल त्या दिवशी आलं, एवढंच.

खरा हिशेब मांडायचा तर खर्चाची दोन टोपली करावी लागतात. पहिल्यात गाडी दारात उभी असली तरी होणारा खर्च, दुसऱ्यात चाक फिरलं की होणारा. एका गाडीचे आकडे घेऊ. ते समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतले घालावेत.

उभ्या गाडीचा खर्च आधी. टायर वगळून गाडी बॉडीसकट 36 लाखांना पडली आणि आठ वर्षांनी 12 लाखांना विकली जाईल असं धरलं, तर 24 लाखांची झीज आठ वर्षांत वाटायची; महिन्याला 25,000 रुपये घसारा. कर्जाचं व्याज सरासरी 17,000, विमा 6,000, कर-परमिट-पासिंगचे 2,000, ड्रायव्हरचा पगार 20,000 आणि दिवाणजी, फोन वगैरे 5,000. बेरीज 75,000. इथे बहुतेकांचा पाय घसरतो तो बँकेच्या हप्त्यावर. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात. मुद्दल म्हणजे गाडीचीच किंमत, ती घसाऱ्यात आधीच धरलेली आहे. पूर्ण हप्ता आणि घसारा दोन्ही लिहिले, तर एकच गाडी दोनदा विकत घेतल्यासारखं होतं.

आता चाकाचा खर्च. आडबाजूच्या खळ्यापर्यंत जाणं धरून एका बाजूचं अंतर 240 किलोमीटर मानू. भरलेली गाडी लिटरला 4 आणि रिकामी 6 किलोमीटर देते, म्हणजे जाताना 60 आणि येताना 40 लिटर. लिटरला 90 रुपये भावाने डिझेल 9,000 रुपयांचं. दहा टायरचे 2,40,000 रुपये 80,000 किलोमीटरवर वाटले की किलोमीटरला 3 रुपये; ऑइल, युरिया आणि दुरुस्तीचे आणखी 3. येऊन-जाऊन 480 किलोमीटरला हे 2,880 झाले. टोल 2,000 आणि भत्ता, काटा, पार्किंग मिळून 1,120. एका फेरीचा चालता खर्च 15,000 रुपये.

महिन्याला 15 फेऱ्या झाल्या, तर 75,000 मधले 5,000 प्रत्येक फेरीच्या वाट्याला येतात. एकूण 20,000 रुपये, 480 किलोमीटरला. म्हणजे किलोमीटरला 41 रुपये 67 पैसे. बाजार बंद राहिला आणि फेऱ्या दहावर आल्या, तर वाटा 7,500 होतो आणि तोच किलोमीटर जवळजवळ 47 रुपयांना पडतो. डिझेलचा भाव पैशानेही वाढलेला नसतो. म्हणून ‘माझा किलोमीटरचा खर्च अमुक’ असं सांगणाऱ्याला महिन्याचं रनिंग विचारावं. त्याशिवाय तो आकडा अर्धवट असतो.

पण गिऱ्हाईक किलोमीटरचे पैसे देत नाही, मालाचे देतो. म्हणून टन-किलोमीटर हे माप वापरतात: एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर. तीन अ‍ॅक्सलच्या दहाचाकीचं मालासकट वजन 2018 पासून 28.5 टनांपर्यंत चालतं. गाडीचं स्वतःचं वजन काढलं की आपल्या गाडीत माल 18 टन. 18 गुणिले 240, म्हणजे 4,320 टन-किलोमीटर. परतीचे 240 किलोमीटर गाडी धावली खरी, पण रिकामी, म्हणून त्यांचं शून्य. 20,000 ला 4,320 ने भागलं की 4 रुपये 63 पैसे. घाईत 41.67 ला सरळ 18 ने भागणारे पुष्कळ भेटतात. त्यांना 2 रुपये 31 पैसे मिळतात, म्हणजे बरोबर निम्मे, आणि त्या भरवशावर ते भाडं ठरवून बसतात.

माल वाटेत उतरत असेल तर आणखी एक खाच आहे. समजा, 180 किलोमीटरवर 8 टन उतरवले आणि उरलेले 10 टन पुढे 60 किलोमीटर नेले. टप्प्याटप्प्याने गुणलं तर 3,840 टन-किलोमीटर होतात. दोन्ही टप्प्यांच्या वजनांची साधी सरासरी, 14 टन, काढून 240 ने गुणलं तर 3,360. दोन्ही रीती वापरात आहेत. मला पहिलीच पटते, कारण साधी सरासरी लांब आणि आखूड टप्प्याला सारखाच मान देते. निदान दोन महिन्यांची तुलना करताना रीत बदलू नये.

आता परतीच्या मालाकडे येऊ. वाशीला एक दिवस थांबलं तर 10 टन माल मिळतो. परतीला गाडी लिटरला 5 किलोमीटर देईल, म्हणजे 8 लिटर जादा, 720 रुपये; भत्ता 280 ने वाढेल. चालता खर्च 16,000. मात्र थांबण्यामुळे महिन्याच्या फेऱ्या 12 वर येतात आणि उभा खर्च फेरीला 6,250 पडतो. एकूण 22,250. किलोमीटरचा खर्च 41.67 वरून 46.35 वर चढला. टन-किलोमीटरचा मात्र 4.63 वरून 3.31 वर उतरला, कारण टन-किलोमीटर आता 6,720 झाले. एक आकडा म्हणतो घाटा, दुसरा म्हणतो फायदा.

दोन्ही बाजूला ठेवून महिना मोजावा. जातानाचं भाडं टनाला 1,400, म्हणजे फेरीला 25,200 धरू. रिकामं परतून 15 फेऱ्या केल्या, तर 3,78,000 मिळतात, खर्च 3,00,000, हाती 78,000. थांबून 12 फेऱ्या केल्या, तर जाण्याचे 3,02,400 मिळतात आणि खर्च 2,67,000. हाती 35,400, अधिक परतीचं भाडं. उरलेली 42,600 ची तूट 12 फेऱ्यांत भरायची तर परतीला फेरीमागे किमान 3,550 रुपये, टनाला 355, मिळायलाच हवेत. त्याखाली टन-किलोमीटर कितीही स्वस्त दिसो, रिकामी गाडी लगेच हाकललेली बरी.

हे झालं कांद्याची आवक जोरात असताना, म्हणजे पंधरावी फेरी खरोखर मिळत असताना. मंदीत फेऱ्या मुळातच 12 असतील, तर थांबण्याने काहीच बुडत नाही. तेव्हा परतीचा जादा खर्च फक्त 1,000 रुपये, आणि टनाला 100 च्या वर जे मिळेल ते पदरात. परतीचा एकच दर बारा महिने सांगणारा मालक यातल्या एका हंगामात नक्की चुकत असतो.

हे सगळं उभं आहे ते अ‍ॅव्हरेजच्या नोंदीवर. टाकी काठोकाठ भरायची, मीटर लिहायचा, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागले ते पाहायचं. नुसत्या पंपाच्या पावत्या जोडल्या, तर टाकीत उरलेलं डिझेल हिशेबात येत नाही आणि आकडा उगाच वरखाली होतो. एकाच रस्त्यावर, तेवढ्याच वजनावर लिटरला 4 चे 3.6 झाले, तर जाताना साडेसहा-सात लिटर जास्त जातात. हवा कमी आहे, ब्रेक धरतोय, इंजेक्टर बिघडलाय, की डिझेल वाटेत विकलं जातंय? आकडा ते सांगत नाही. पण तीच गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती दोन फेऱ्या दिली आणि अ‍ॅव्हरेज तसंच राहिलं, तर आधी गॅरेज गाठावं.