आजाऱ्याच्या खोलीतली हवा जाते कुठे?

घरात कुणाला फ्लू झाला की आपण आजाऱ्याला आतल्या खोलीत झोपवतो, गार वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतो आणि एअर प्युरिफायर असेल तर तो त्याच्या उशाशी आणून ठेवतो. स्वयंपाकघरात मात्र रोजच्यासारखी फोडणी पडते, एक्झॉस्ट पंखा किंवा चिमणी सुरू होते. या पंख्याने बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी तितकीच हवा कुठून तरी घरात यावी लागते. ती कुठून येते, यावर आजार एका खोलीत राहील की घरभर फिरेल हे बऱ्याच अंशी ठरतं.

नमुन्यादाखल पुण्या-ठाण्यातला एक वन बीएचके घेऊ. चारशे चौरस फुटांचं घर, म्हणजे आत साधारण ११० घनमीटर हवा. बेडरूममध्ये नऊ वर्षांचा मुलगा तापाने झोपलेला, हॉलमध्ये सत्तरी ओलांडलेली आजी आणि स्वयंपाकघरात आई. चिमणीवर ताशी १,००० घनमीटरच्या वरचा आकडा छापलेला असतो. पाइपाची वळणं आणि जाळीवरचं तेल यामुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच हवा बाहेर जाते असं धरलं, तरी तासाभरात घरातली सगळी हवा चार-पाच वेळा बदलेल इतकी ही ओढ आहे. आता हॉलची नि स्वयंपाकघराची खिडकी बंद, बेडरूमची खिडकी आणि दार दोन्ही उघडी, अशी स्थिती असेल तर बाहेरची हवा बेडरूमच्या खिडकीतून आत शिरते, मुलावरून वाहत हॉलमध्ये येते, आजीजवळून जाते आणि आईच्या डोक्यावरून चिमणीत शिरते. खिडकी उघडली हे चांगलंच केलं, पण वाट उलटी झाली.

ती सुलटी करायला नवं यंत्र लागत नाही. बेडरूमचं दार लावायचं, त्याच्या खालच्या फटीत पंचा गुंडाळून ठेवायचा आणि चिमणीला लागणारी हवा हॉलच्या किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून येऊ द्यायची. ही खिडकी चिमणीला अगदी खेटून नसावी, नाहीतर आलेली हवा शेगडीपर्यंत न पोचताच बाहेर निघून जाते. बेडरूमला जोडून संडास-बाथरूम असेल तर तिथला एक्झॉस्ट सुरू ठेवावा, म्हणजे आजाऱ्याच्या खोलीतली हवा घरात न येता तिथूनच बाहेर पडते. तसा पंखा नसला तर टेबलफॅन खिडकीच्या तोंडाशी, वारा बाहेर फेकेल असा उलटा ठेवावा. हवा कुठे चालली आहे हे पाहायला टिश्यूपेपरची बोटभर रुंद पट्टी पुरते. पंचा टाकण्याआधी ती दाराच्या फटीशी धरावी. पट्टी आजाऱ्याच्या खोलीकडे झुकली तर ठीक. हॉलकडे झुकली तर चिमणी जिंकते आहे, म्हणून हॉलची खिडकी आणखी उघडावी. उदबत्तीच्या धुरानेही हे दिसतं, पण खोकणाऱ्या माणसाच्या खोलीत ती पेटवू नये.

हवेच्या या हालचालीला इतकं महत्त्व का, ते अलास्कातल्या एका प्रसंगावरून कळतं. मार्च १९७७ मध्ये ५४ जण असलेलं एक विमान इंजिन बिघडल्यामुळे तीन तास जमिनीवरच थांबलं. आतली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा तेवढा वेळ बंद होती आणि प्रवाशांत एकीला फ्लूची लक्षणं होती. पुढच्या तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. जे विमानात जास्त वेळ बसून राहिले त्यांच्यात आजाराचं प्रमाणही जास्त होतं. फ्लू हातांवरून पसरतो, समोरच्याच्या खोकल्यातल्या थेंबांतून पसरतो आणि कोंडलेल्या हवेत तरंगत राहणाऱ्या बारीक तुषारांतूनही पसरतो. खिडकी आणि प्युरिफायर यांचा उपयोग या तिसऱ्या वाटेपुरताच आहे.

प्युरिफायरबद्दल एक शंका नेहमी ऐकू येते: विषाणू इतका सूक्ष्म, तो जाळीत अडकेल कसा? फ्लूचा विषाणू मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा असतो हे खरं, पण तो सुटा उडत नाही. लाळेच्या, कफाच्या तुषारात बसून येतो आणि तो तुषार त्याहून बराच मोठा असतो. शिवाय हेपा फिल्टर चाळणीसारखा नुसत्या छिद्रांवर चालत नाही. अतिसूक्ष्म कण हवेत वेडेवाकडे भिरभिरतात आणि त्या भिरभिरण्यातच तंतूंना चिकटतात. निसटायला सर्वांत सोपे असतात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण, आणि तेसुद्धा चांगला हेपा ९९.९ टक्क्यांहून अधिक पकडतो.

फिल्टर पुरेसा आहे, अडचण वेगाची असते. आपल्या मुलाची खोली दहा बाय अकरा फुटांची, म्हणजे सुमारे ३० घनमीटर. प्युरिफायरच्या खोक्यावर सीएडीआर म्हणून एक आकडा असतो, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते ते. तो २४० असेल तर पूर्ण वेगात खोलीतली हवा तासाला आठदा गाळली जाते, आणि एकदा हवेत आलेले ९९ टक्के तुषार जायला पस्तीसेक मिनिटं लागतात. तेच यंत्र आवाज नको म्हणून रात्रीच्या मंद वेगावर ठेवलं आणि तिथे ६० घनमीटरच हवा मिळाली, तर तेवढ्याच कामाला सव्वादोन तास लागतात. मूल मधल्या वेळात खोकतच असतं. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २०२३ मध्ये खोलीतल्या हवेसाठी तासाला किमान पाच बदल हे लक्ष्य सांगितलं आहे. मंद वेगावर आपण त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

आणि इथेच घरोघरी फसगत होते. बहुतेक प्युरिफायर ऑटोवर ठेवलेले असतात. त्यांचा सेन्सर हवेतल्या धुळीचा-धुराचा अंदाज घेतो. जिऱ्या-मिरच्यांची फोडणी पडली की लाल दिवा लागतो आणि पंखा घोंगावतो. धूर ओसरला की दिवा हिरवा होतो आणि पंखा मंदावतो. खोकल्यातले तुषार फोडणीच्या धुरापुढे संख्येने इतके थोडे असतात की या सेन्सरला ते जाणवतच नाहीत. म्हणजे आजाऱ्याच्या खोलीत हिरवा दिवा लागलेला असताना पंखा सर्वांत मंद वेगावर असतो, नेमका तेव्हा जेव्हा तो जोरात हवा. म्हणून ऑटो बंद करावं आणि सहन होईल तितक्या वरच्या वेगावर यंत्र चालू ठेवावं. आयोनायझरचं बटण असेल तर ते बंद करावं, कारण त्यातून ओझोन निघू शकतो आणि तो सुजलेल्या श्वासनळीला झोंबतो. यंत्र भिंतीला चिकटवू नये, आणि त्याचा झोत आजाऱ्यावरून सेवा करणाऱ्याच्या तोंडाकडे येईल असंही ठेवू नये.

प्युरिफायर लावला की खिडकी बंद ठेवा, असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते धुळीच्या हिशेबाने बरोबर आहे. फ्लूच्या हिशेबाने खिडकीतून आलेला प्रत्येक हवाबदल यंत्राच्या कामात भर घालतो, त्यामुळे दोन्ही एकत्र चालू द्यावेत. महाराष्ट्रात फ्लू मुख्यतः पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा थंडीच्या अखेरीस डोकं वर काढतो. पावसाळ्यात बाहेरची हवा धुतलेली असते, खिडकी उघडायला काही आडकाठी नाही. थंडीत पहाटे आणि रात्री धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा मन कचरतं. पण हिशेब करून पाहा. बाहेर पीएम २.५ हे बारीक कण घनमीटरमागे ९० मायक्रोग्रॅम आहेत, खिडकीची फट तासाला तीन बदल देते आणि प्युरिफायर आठ. मग आत साधारण २५ उरतात. भारताची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. ही हवा आदर्श नव्हे, पण मुलाला चालण्यासारखी आहे आणि आजीच्या दृष्टीने बंद खोलीपेक्षा बरी. प्युरिफायर नसेल तर थंडीत दुपारी खिडक्या सताड उघडाव्या आणि पहाटे-रात्री बोटभर फट ठेवावी. स्प्लिट एसीवर विसंबू नये. तो खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो.

आता स्वयंपाकाचा धूर. तो आजार पसरवत नाही, पण श्वासनळीतल्या ज्या बारीक केसांनी कफ वर ढकलायचा, त्यांचं काम तो बिघडवतो आणि खोकला चिघळवतो. तळणीने छोट्या घरातले बारीक कण काही मिनिटांत कित्येक पटींनी वाढतात. म्हणून त्या आठवड्यात भजी, पुऱ्या, सुक्या मिरचीचा ठसका टाळावा. कुकरमधली मुगाची खिचडी आजाऱ्याला मानवते आणि धूरही जवळजवळ करत नाही. फोडणी करायचीच तर मागच्या शेगडीवर, कारण चिमणी तिथला धूर चांगला ओढते. चिमणी आधी सुरू करावी आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवावी. काही चिमण्यांना बाहेर जाणारा पाइपच नसतो. त्या तेल गाळून हवा पुन्हा घरातच सोडतात. अशी चिमणी असेल तर स्वयंपाकघराची खिडकी हाच उपाय. प्युरिफायर ओट्याजवळ मात्र नेऊ नये, तेलकट वाफेने त्याचा फिल्टर लवकर बुजतो.

हवा शुद्ध व्हावी म्हणून आजाऱ्याच्या खोलीत धूप, कापूर, ओव्याची धुरी करतात. मायेने केलेली ही गोष्ट त्याच्या छातीला त्रासच देते. डासांची कॉइल तर त्याहून वाईट: एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ निघतात, असं २००३ मधल्या एका अभ्यासात आढळलं होतं. उघडी खिडकी आणि मच्छरदाणी ही जोडी चांगली.

जिथे एकाच खोलीत चूल, अंथरूण आणि माणसं असतात, तिथे प्युरिफायरची चर्चा व्यर्थ आहे. तिथे आजाऱ्याचं अंथरूण ओसरीत किंवा दारालगत, चुलीपासून दूर आणावं, किंवा तेवढे दिवस चूलच पडवीत मांडावी. पेटती शेगडी ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत ठेवणं जीवघेणं ठरू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि हेपा फिल्टर तो अडवू शकत नाही. त्याची बाधा फ्लूसारखीच वाटते: डोकं ठणकणं, मळमळ, गळून जाणं. फरक असा की ताप नसतो, घरातल्या सगळ्यांना एकदमच होतं आणि बाहेर गेलं की बरं वाटू लागतं. बाथरूममधल्या गॅस गिझरनेही हे होतं. अशी शंका आली की आधी सगळ्यांनी बाहेर पडावं आणि मग तडक डॉक्टरांकडे जावं.

मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्या आईसाठी यातलं काहीच पुरेसं नाही. हातभर अंतरावर खोकल्याचा झोत थेट तोंडावर येतो, प्युरिफायरपर्यंत जायला त्याला वेळच नसतो. तिने खोलीत शिरताना नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुवावेत. आजीने मात्र त्या खोलीत जाऊच नये. औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही की दार उघडायला हरकत नाही, पण मुलं त्यानंतरही काही दिवस विषाणू सोडत राहतात, म्हणून प्युरिफायर आणि खिडकीची फट आणखी आठवडाभर तशीच ठेवावी. फिल्टर लगेच फेकायची गरज नाही. बदलायची वेळ आली की मास्क लावून, खिडकीशी किंवा गच्चीवर न झटकता काढावा आणि पिशवीत बांधून टाकावा.