जाळी दगड धरत नाही

खंडाळ्याच्या घाटात गाडीचा वेग कमी झाला की काळ्या कातळावर वरून खाली सोडलेली तारेची जाळी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, जाळीनं डोंगर आवळून धरलाय. काही ठिकाणी खरोखर तसं असतं. तिथे कातळात खोलवर सळया ठोकून जाळी अंगाला घट्ट बसवलेली असते. पण नुसती टांगलेली जाळी दगड धरत नाही. सुटलेला दगड तिच्या आणि कातळाच्या मधून खाली उतरतो, आणि तो तसा उतरावा अशीच तिची रचना असते. तिचं काम एवढंच की दगडानं उडी मारू नये. त्याला अडवायचं काम खालच्या चराचं. हा चर मात्र फारसा कुणी पाहत नाही, कारण बहुतेकांना ते गटार वाटतं.

आधी दगड सुटतो कसा ते पाहू. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. घट्ट काळा बसाल्ट, त्याखाली भोकाभोकांचा मऊ थर, मध्येच तांबड्या मातीचा पातळ पट्टा. पावसाचं पाणी वरच्या कातळाच्या उभ्या भेगांतून झिरपतं आणि तांबड्या पट्ट्यावर आलं की खाली जायला वाट न मिळाल्यानं आडवं बाहेर पडतं. मऊ थर झिजून आत जातो, वरचा कातळ आधाराविना पुढे डोकावत राहतो. भेगांनी तो आधीच ठोकळ्या-ठोकळ्यांत तुटलेला असतो. त्यातला एक ठोकळा एखाद्या पावसात निसटतो. रस्ता खोदताना सुरुंगात दारू जास्त भरली असेल तर निसर्गानं न पाडलेल्या भेगाही माणसानं पाडून ठेवलेल्या असतात. जुन्या कटिंगचा उपद्रव बऱ्याचदा इथूनच सुरू होतो.

सुटलेला दगड कुठे पडतो, हे मोजण्याचं काम अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या महामार्ग खात्यातले भूवैज्ञानिक आर्थर रिची यांनी केलं. त्यांनी उतारांवरून मुद्दाम दगड लोटले, त्यांचं चित्रीकरण केलं आणि १९६३ मध्ये निष्कर्ष छापले. जवळपास उभ्या कड्यावरून दगड सरळ पडतो आणि पायथ्याशीच आपटतो. पंचेचाळीस अंशांहून कमी उतारावर तो घरंगळत येतो. खरा धोका मधल्या उतारांचा. तिथे तो आपटत, उसळत येतो आणि पायथ्यापासून लांब जाऊन पडतो. कड्यात मध्येच एखादी पायरी राहिली असेल तर तीवर आदळून सरळ पडणारा दगडही रस्त्याच्या दिशेनं फेकला जातो.

रिची यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. खाली येईपर्यंत दगडाला गिरकी मिळालेली असते. आपटल्यावर त्याचा वेग कमी होतो, पण गिरकी शिल्लक राहते, आणि तो चाकासारखा चढ चढून चराबाहेर येतो. म्हणून चराची रस्त्याकडची भिंत उभी हवी, तळ डोंगराकडे कललेला हवा आणि त्यावर सैल खडी हवी. काँक्रीटच्या तळावर दगड उसळतो, खडीत रुततो. पुढे ओरेगन राज्याच्या परिवहन खात्यानं एका खाणीत सुमारे ११,२५० दगड लोटून ही मापं आणखी पक्की केली. डोंगराकडे कललेला तळ सपाट तळापेक्षा जास्त दगड अडवतो, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आलं.

आता २५ मीटर उंचीची एक कटिंग धरू. माथ्यावरून अर्धा मीटर बाजूचा ठोकळा सुटला. बसाल्ट जड असतो. हा ठोकळा साधारण साडेतीनशे किलो भरेल. मोकळा पडला तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जातो. रिची यांच्या मापांवरून तयार झालेल्या कोष्टकात, इतक्या उंचीच्या जवळपास उभ्या कड्याखाली चर सुमारे ६ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल लागतो. कडा थोडा तिरका, म्हणजे एक मीटर उंचीला तीस सेंटिमीटर मागे कललेला असेल, तर रुंदी तेवढीच, पण खोली १.८ मीटर. सहा मीटर म्हणजे दीड लेनहून जास्त जागा. घाटात ती आणायची कुठून? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. रुंद चरासाठी डोंगर आणखी खोदला तर कडा आणखी उंच होतो.

जाळी येते ती इथे. अपुऱ्या रुंदीची भरपाई ती करते. दगड जाळीमागेच राहिला की तो पायथ्याजवळच उतरतो आणि अरुंद चरातही मावतो.

बसवण्याआधी दोरांना लटकून माणसं पहारीनं सैल दगड पाडतात, आणि तेवढा वेळ खालची वाहतूक थांबवावी लागते. मग माथ्याच्या कडेपासून मागे, पक्क्या कातळात भोकं पाडून सळया रोवतात आणि त्यांच्यातून पोलादी दोर ओवतात. या दोराला जाळीचे गुंडाळे बांधून खाली सोडायचे. जाळी षटकोनी विणीची. शेजारच्या दोन तारांना दुहेरी पीळ दिलेला, म्हणजे एक तार तुटली तरी वीण उसवत जात नाही. तार पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास, जस्ताचा मुलामा दिलेली. साठ सेंटिमीटरपर्यंतच्या दगडांना ती पुरते. त्याहून मोठ्या धोंड्यांसाठी पोलादी दोरांचं जाळं लागतं. जाळीचं खालचं टोक चराच्या थोडं वर मोकळं सोडायचं, बांधायचं नाही.

बिघाड नेमका इथेच होतो. टोक जमिनीला आवळून बांधलेलं असेल, किंवा चर भरून वर आला असेल, तर उतरलेला दगड-मुरूम जाळीतच साठतो आणि तिला पोट सुटतं. ते सगळं वजन माथ्याच्या सळयांवर येतं. चर भरला की दुसरंही होतं: १.२ मीटर खोलीतली ऐंशी सेंटिमीटर मुरुमानं भरली तर उरलेली चाळीस सेंटिमीटर गिरकी घेतलेल्या दगडाला रोखू शकत नाही. त्यातून वरून खाली उताराचा ढीग झाला असेल, तर दगडाला रस्त्यावर यायला आयती घसरगुंडी मिळते. रस्ता रुंद करताना चरावर काँक्रीट ओतून त्याची लेन केलेली मी पाहिली आहे. त्या लेनवर लोक चहासाठी गाडी लावतात.

तपासणाऱ्यानं वर बघण्याआधी खाली बघावं. चराच्या रस्त्याकडच्या बाजूला दगड पडले असतील, डांबरावर ताजे खळगे असतील, तर चर कमी पडतोय. मग कड्याकडे नजर टाकावी: जुना बसाल्ट तपकिरी पडलेला असतो, नुकताच तुटलेला काळा-निळसर दिसतो. तपकिरी भिंतीत असा काळा चट्टा दिसला की त्याच्या वरचा ठोकळा आता कशावर टेकलाय, हे दुर्बिणीतून पाहायचं.

जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून दोन जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर वाहतूक अडवून सैल दगड पाडण्याचं आणि जाळ्या बसवण्याचं मोठं काम झालं. जुलै २०२३ मध्ये त्याच आडोशी परिसरात रात्री पुन्हा दरड आली आणि मुंबईकडे जाणारी वाहतूक थांबली. या वेळी माती-दगडांचा लोटच रस्त्यावर आला होता. सुट्या दगडासाठी आखलेली जाळी आणि चर अशा लोटापुढे टिकत नाहीत. लोट म्हणजे पाण्यानं फुगलेली माती. तिच्यावर उपाय माथ्यावर, पाणी कड्यापर्यंत पोचण्याआधीच वळवणाऱ्या आडव्या गटारांत असतो. ती गटारं रस्त्यावरून दिसत नाहीत. तपासायची तर पावसाळ्याआधी डोंगर चढून वर जावं लागतं.