व्हेंटिलेटर आणि इन्फ्युजन पंप: देखभालीची नोंदवही

अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक व्हेंटिलेटरची आणि इन्फ्युजन पंपाची एक नोंदवही असते. बिघाड होण्याआधीच ठरावीक मुदतीने यंत्र उघडायचे, साफ करायचे, झिजणारे भाग बदलायचे आणि मोजमाप करून पाहायचे, याला प्रतिबंधात्मक देखभाल म्हणतात. रुग्णालयातले लोक तिला नुसते ‘पीएम’ म्हणतात. केव्हा काय केले, किती मोजमाप आले, काय बिघडले होते आणि काम कोणी केले, हे या वहीत लिहिले जाते. एका यंत्राला एक स्वतंत्र पान असते. पानाच्या माथ्यावर यंत्राचे मॉडेल, कंपनीचा अनुक्रमांक आणि रुग्णालयाने दिलेला क्रमांक असतो. ‘आयसीयूतला तिसरा पंप’ अशी नोंद निरुपयोगी ठरते, कारण पंप आज आयसीयूत तर उद्या ऑपरेशन थिएटरमध्ये असतो. क्रमांक मात्र यंत्रासोबतच फिरतो.

पानावर पहिल्यांदा येतात त्या तारखा. देखभाल कधी व्हायला हवी होती, प्रत्यक्षात कधी झाली आणि पुढची कधी, अशा तीन तारखा लागतात. पहिल्या दोन तारखांमधले अंतर वाढत गेले की काम मागे पडते आहे हे पानावरच दिसते. व्हेंटिलेटरच्या बाबतीत मात्र दिनदर्शिका पुरेशी नसते. यंत्रात चालल्या तासांची मोजणी करणारे मीटर असते आणि कंपनीची मुदत बहुधा ‘इतके महिने किंवा इतके तास, यांतले जे आधी भरेल ते’ अशी दिलेली असते. काही मॉडेलांना ही मुदत 12 महिने किंवा 5000 तास अशी आहे. असा व्हेंटिलेटर रात्रंदिवस चालत राहिला, तर 5000 तास 208 दिवसांतच, म्हणजे साधारण सात महिन्यांत भरतात. केवळ तारीख पाहणारा माणूस त्याला आणखी पाच महिने हात लावणार नाही. त्यामुळे प्रत्येक नोंदीत तारखेशेजारी तासांचा आकडा लिहावा लागतो.

तारखांनंतर मोजमापे येतात, आणि वहीचा खरा उपयोग इथेच होतो. बऱ्याच रुग्णालयांत या रकान्यात फक्त ‘ठीक’ असा शब्द किंवा बरोबरची खूण दिसते. त्या दिवशी यंत्र मर्यादेच्या आत होते, एवढेच त्यातून कळते. ते मर्यादेच्या किती जवळ होते आणि मागच्या वेळेपेक्षा किती सरकले होते, हे कळत नाही. यंत्र क्वचितच एका दिवसात बिघडते. बहुतेकदा ते हळूहळू घसरत जाते आणि ही घसरण आकडे लिहिले तरच दिसते.

एका पंपाचे उदाहरण घेऊ. इन्फ्युजन पंपात सलाइनच्या सेटची नळी एका खाचेत बसवतात. आतली छोटी ‘बोटे’ लाटेसारखी एकामागून एक ती नळी दाबतात आणि द्रव पुढे ढकलतात. तपासणीसाठी पंपावर ताशी 60 मिलिलिटर वेग लावून तो अर्धा तास चालवतात आणि पडलेले पाणी डिजिटल काट्यावर मोजतात. एक मिलिलिटर पाणी जवळपास एक ग्रॅम भरते, त्यामुळे 30 ग्रॅम भरायला हवेत. पाच टक्के कमीजास्त चालेल असे धरले, तर 28.5 ते 31.5 ही मर्यादा येते. समजा, एका विभागात बारा पंप आहेत आणि दर तीन महिन्यांनी तपासणी होते. सात क्रमांकाच्या पंपाने जानेवारीत 29.7, एप्रिलमध्ये 29.4, जुलैत 29.0 आणि ऑक्टोबरमध्ये 28.2 दिले. पहिल्या तीनही वेळा त्यापुढे ‘ठीक’ लिहिले असते तर ते खोटे ठरले नसते. पण आकडे लिहिले असतील, तर हा पंप मर्यादेबाहेर जाण्याच्या वाटेवर आहे हे जुलैतच ओळखता येते.

ऑक्टोबरमध्ये पहिला प्रश्न पडतो तो दोष पंपात आहे की सेटमध्ये. नळीची जाडी आणि लवचीकपणा कंपनीगणिक बदलतो आणि अशा प्रकारचा पंप विशिष्ट सेटसाठीच जुळवलेला असतो. खरेदीत सेटची कंपनी बदलली की पंप निर्दोष असूनही प्रवाह चुकतो. उत्तर बाकीच्या अकरा पानांवर मिळते. सगळेच पंप त्याच तिमाहीत जवळपास सारखेच घसरले असतील, तर स्टोअरची वही उघडून सेट केव्हा बदलला ते पाहावे. इथे बाकीचे अकरा पंप 29.4 ते 29.8 देत होते, म्हणजे दोष सातव्यातच होता. खात्रीसाठी शिफारस केलेल्या कंपनीचा नवा सेट लावून पुन्हा मोजले, तर 28.3 आले. पंप उघडल्यावर दारामागच्या दाबपट्टीवर सांडून वाळलेल्या ग्लुकोजचा थर सापडला आणि पट्टीमागची स्प्रिंग सैल झालेली दिसली. साफसफाई, नवी स्प्रिंग आणि फेरजुळणी झाल्यावर 29.9 भरले. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे वहीत जातात.

सहा टक्के कमी हे ऐकायला थोडे वाटते. पण रक्तदाब टिकवणारे नॉरॲड्रेनॅलिनसारखे औषध अशा पंपावर चालू असेल, तर परिचारिका रक्तदाब पाहत वेग थोडा वाढवून घेते आणि पंपाची चूक झाकली जाते. पुढे तोच वेग कायम ठेवून पंप बदलला की नवा पंप अचूक असल्यामुळे औषध एकदम वाढते. म्हणून पंप बदलल्यानंतर काही वेळ रक्तदाबावर जास्त लक्ष ठेवतात, आणि पंप बदलल्याची वेळही नोंदीत घेतात.

व्हेंटिलेटरच्या पानावर मोजमापे अधिक असतात. नकली फुप्फुस आणि गॅस मोजणारे यंत्र जोडून प्रत्येक श्वासाचे आकारमान, श्वास संपल्यावर टिकणारा दाब आणि ऑक्सिजनचे प्रमाण तपासतात. यांतले ऑक्सिजनचे मोजमाप सर्वांत जास्त फसवते. अनेक व्हेंटिलेटरांत ऑक्सिजन मोजण्यासाठी एक रासायनिक सेल असतो. ऑक्सिजनशी होणाऱ्या प्रक्रियेत सेलमधले शिसे खर्च होत जाते, म्हणून तो साधारण एक ते दोन वर्षांत संपतो. सेल जुना झाला तरी साध्या हवेत तो 21 टक्के बरोबर दाखवू शकतो. पण 100 टक्के ऑक्सिजन दिल्यावर त्याची ताकद कमी पडते आणि आकडा 94, मग 90 असा खाली येतो. केवळ हवेत तपासून ‘ठीक’ लिहिणाऱ्याच्या हातून असा सेल निसटतो. म्हणून 21, 60 आणि 100 अशा तीन ठिकाणचे आकडे आणि सेल बसवल्याची तारीख लिहितात. काही यंत्रांत न झिजणारा सेन्सर असतो. त्यांच्या पानावर सेलचा रकाना लागत नाही.

अलार्म आणि बॅटरीही मोजूनच तपासतात. नळी काढल्यावर किती सेकंदांत अलार्म वाजला आणि विजेची पिन काढल्यावर यंत्र किती मिनिटे चालले, हे लिहितात. कंपनीने 60 मिनिटे सांगितली असताना 35 भरली, तर बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे, मग पडद्यावर ती ‘पूर्ण चार्ज’ दिसत असली तरी.

बिघाडाची नोंद तीन रकान्यांत विभागली की ती उपयोगी पडते. काय दिसले, काय सापडले आणि काय केले, असे ते रकाने. ‘व्हेंटिलेटर बिघडला’ या नोंदीवरून इंजिनिअरला काहीच सुचत नाही. ‘सकाळी 6.20, श्वास 450 मिलिलिटर लावला, 310 दाखवतो, मिनिट व्हॉल्यूम कमी असल्याचा अलार्म, नेब्युलायझेशन नुकतेच संपले’ अशी नोंद मिळाली, तर बाहेर येणाऱ्या श्वासाचा फ्लो सेन्सर आधी पाहायचा हे लगेच कळते. फवाऱ्यातले औषध त्या सेन्सरवर साचते. पडद्यावरचा एरर कोड जसाच्या तसा उतरवावा, कारण यंत्र बंद केल्यावर तो कधीकधी पुन्हा दिसत नाही. एकाच पानावर चार महिन्यांत तीनदा ‘फ्लो सेन्सर बदलला’ असे आले, तर चौथा सेन्सर मागवण्याआधी खाटेजवळ जाऊन पाहावे. बहुधा नळीवरचा फिल्टर लावलेला नसतो किंवा नळीत साचलेले पाणी वेळेवर काढलेले नसते. तपासणीत काहीच न सापडल्यास तेही लिहावे. तोच बिघाड पुन्हा आला, तर मागची तक्रार खरी होती हे कळते.

बिघाडाच्या नोंदीत दोन वेळा असतात. एक यंत्र बंद पडल्याची आणि दुसरी ते पुन्हा वापरात आल्याची. त्यांतून यंत्र किती काळ उपलब्ध होते हे निघते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली 2015 मध्ये सुरू झालेल्या उपकरण देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांसाठी 95 टक्के, ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर 90 टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी 80 टक्के उपलब्धतेचे लक्ष्य ठरले. 95 टक्के म्हणजे वर्षात साधारण 18 दिवस बंद. बंद पडल्याची वेळ तक्रार नोंदवल्यापासून न धरता प्रत्यक्ष बंद पडल्यापासून धरली, तरच हा हिशेब खरा येतो.

शेवटचा रकाना माणसांचा, आणि तो एका सहीने भरत नाही. रोजची तपासणी, म्हणजे व्हेंटिलेटरची स्वचाचणी, गळती आणि पंपाची बाहेरून साफसफाई, ड्युटीवरच्या परिचारिकेकडे असते आणि त्याखाली वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरची सही असते. ठरावीक मुदतीची तपासणी रुग्णालयाचा बायोमेडिकल इंजिनिअर करतो. मोठे भाग बदलण्याचे काम कंपनीचा माणूस देखभाल करारानुसार करतो. भागांची किंमत करारात धरलेली आहे की केवळ मजुरी, हे पानावर लिहून ठेवले तर मंजुरीसाठी यंत्र पडून राहत नाही. दुरुस्ती करणारा आणि यंत्र परत ताब्यात घेणारा या दोघांच्या सह्या वेगळ्या असाव्यात. ताब्यात घेणाऱ्याने यंत्र स्वतः चालवून पाहिलेले असावे, नाहीतर दुसऱ्या सहीचा उपयोग उरत नाही. सहीसोबत नाव सुवाच्य लिहावे, कारण सहा महिन्यांनी प्रश्न विचारायचा झाला तर तो माणूस सापडला पाहिजे.

या वहीला मर्यादाही आहेत. तपासणी नकली फुप्फुसावर, स्वच्छ नळीने आणि शांत खोलीत होते. खाटेजवळ ओलावा, वाकलेली नळी आणि चुकीचा सेट असतो. म्हणून पीएमची तारीख ताजी असली तरी रुग्णाला लावण्याआधीची चाचणी टाळता येत नाही. तपासणीत मर्यादेबाहेर गेलेले यंत्र ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून वॉर्डातून हलवतात आणि ती चिठ्ठी लावल्याची वेळही पानावर लिहितात.