एकाच चंद्राची अनेक नावे

संस्कृतातील सुप्रसिद्ध शब्दकोश ‘अमरकोश’ ज्याने रचला, तो अमरसिंह बौद्ध होता असे परंपरा मानते. त्याच्या या कोशात चंद्राची वीस नावे ओळीने दिलेली आहेत. हिमांशू, इंदू, सुधांशू, निशापती, सोम, मृगांक, द्विजराज, शशधर ही त्यांपैकी काही. मराठी कवितेला ही बहुतेक नावे वारशाने मिळाली आणि त्यांत चांदोबा, चांदोमामा, चांदवा ही घरगुती नावे लोकभाषेने घातली. कोश ही नावे शेजारी शेजारी ठेवतो, त्यामुळे कोणतेही नाव कोठेही चालेल असा समज सहज होतो. वैशाख पौर्णिमेच्या भित्तिपत्रकासाठी विद्यार्थी कविता लिहितात, तेव्हा हा समज हमखास दिसून येतो. वस्तुतः प्रत्येक नाव हे चंद्राचे एका बाजूने केलेले वर्णन आहे. ते वर्णन कवितेच्या भावाशी जुळते की नाही, हे पाहण्याची रीत आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

पहिली पायरी म्हणजे शब्द उकलून पाहणे. ‘शशांक’ म्हणजे ज्याच्या अंकावर शश, म्हणजे ससा आहे तो. ‘मृगांक’ म्हणजे ज्याच्यावर हरणाची खूण आहे तो. चंद्रावरचा डाग एकच, परंतु एका नावाने त्यात ससा पाहिला आणि दुसऱ्याने हरीण. ‘सुधाकर’ आणि ‘सुधांशू’ यांत अमृत आहे, ‘हिमांशू’ आणि ‘शीतांशू’ यांत थंडावा आहे. ‘निशापती’ आणि ‘रजनीनाथ’ यांत रात्र ही पत्नी आणि चंद्र तिचा पती आहे. ‘चंद्र’ या साध्या शब्दात मात्र चमकणे आणि आनंद देणे एवढाच अर्थ आहे. त्यात ना डाग, ना अमृत, ना नाते. म्हणूनच तो सर्वत्र चालतो.

या उकलीचा उपयोग काय, हे पसायदानावरून ध्यानात येते. ज्ञानेश्वरांनी तेथे सज्जनांना लांछन नसलेल्या चंद्राची उपमा दिली आहे आणि त्यासाठी ‘चंद्रमा’ हा शब्द योजला आहे. त्या जागी ‘शशांक’ किंवा ‘मृगांक’ घालून पाहावे. अर्थ तत्काळ मोडतो, कारण या दोन्ही नावांच्या पोटातच लांछन आहे. लांछन काढून घेतले, तर शशांक शशांक राहत नाही.

याच्या उलट, जेथे तो डागच हवा आहे, तेथे ‘शशांक’ अपरिहार्य ठरतो. जातककथांतील ३१६ व्या क्रमांकाची ‘सस जातक’ ही कथा आपल्या वाचकांना परिचित असेल. उपोसथाच्या दिवशी दारी आलेल्या याचकाला देण्यासाठी सशाजवळ गवताखेरीज काही नव्हते. त्याने स्वतःचा देहच अग्नीत झोकून दिला, परंतु त्या अग्नीने त्याला जाळले नाही. याचकाच्या रूपात आलेल्या सक्काने या दानाची आठवण कल्पभर राहावी म्हणून पर्वत पिळून काढलेल्या रसाने चंद्रावर सशाचे चित्र रेखाटले. इतरत्र ज्याला कलंक म्हणतात, ते येथे दानाचे स्मारक झाले आहे. 

आता दुसरी पायरी, नादाची आणि मात्रांची. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाची दोन. अनुस्वार असलेले अक्षरही दोन मात्रांचे. आठ-आठ मात्रांच्या दोन भागांची एक ओळ आम्ही उदाहरणापुरती रचली आहे: ‘शशांक सांगे कथा सशाची’. ‘शशांक’ चार मात्रांचा, ‘सांगे’ चार मात्रांचा. पहिला भाग पुरा झाला. येथे ‘चंद्र’ घातला, तर एक मात्रा कमी पडते आणि ‘सुधाकर’ घातला, तर एक वाढते. ‘मृगांक’ मात्र चार मात्रांचा असल्याने अचूक बसतो, ओळ म्हणतानाही कोठे अडत नाही. पण हरणाची खूण मिरवणारा सशाची कथा सांगू लागतो! वृत्त बिनचूक आणि अर्थ फसलेला, ही चूक कानाला कळत नाही. शब्द उकलला तरच पकडता येते.

दुसरी ओळ घेऊ: ‘चंद्र उभा हा मौन धरोनी’. येथे ‘चंद्र’च्या तीन मात्रा आहेत. ‘शशी’ आणि ‘सोम’ यांच्याही तीनच, म्हणजे वृत्ताच्या दृष्टीने तिघेही सारखेच पात्र. परंतु ‘चंद्र’ जड अक्षराने सुरू होतो, त्यामुळे ओळ प्रारंभीच स्थिर उभी राहते. ‘शशी’ हलक्या अक्षराने सुरू होतो आणि त्याचे ‘श-श’ कुजबुजल्यासारखे वाटते. तो झुळुकीच्या, हालचालीच्या ओळीत शोभेल; उभ्या मौनाला ‘चंद्र’च हवा.

राहिला ‘सोम’. त्याच्यासाठी तिसरी पायरी लागते: शब्द कोणाच्या सोबतीने आला, ते पाहणे. वेदांत सोम हे यज्ञातील पेयाचेही नाव आहे, म्हणून हा शब्द यज्ञाची आठवण घेऊन येतो. बुद्धाच्या मौनाच्या ओळीत ती आठवण विसंगत ठरते. ‘द्विजराज’ तर त्याहून बोलका आहे. द्विज या शब्दाचे अर्थ अनेक असले, तरी सर्वांत रूढ अर्थ ब्राह्मण हाच. समतेचे गाणे लिहिणाऱ्याने केवळ भारदस्त वाटतो म्हणून हा शब्द घेतला, तर त्याचीच ओळ त्याच्याविरुद्ध साक्ष देईल.

घरगुती नावांचा भाव निराळा. ‘चांदोबा’मधील ‘बा’ हा विठोबा-खंडोबातला, आदर आणि सलगी एकत्र बाळगणारा. तिन्ही अक्षरे दीर्घ असल्याने अंगाईत आवाज लांबवता येतो. आपल्या सोलापुरात तेलुगू घरांतील मुले ‘चंदामामा’ म्हणतात आणि मराठी घरांतील मुले ‘चांदोमामा’. दोन्हीकडे तो आईचा भाऊच. १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या ‘चंदामामा’ मासिकाची मराठी आवृत्ती निघाली, ती ‘चांदोबा’ या नावाने. नाते बदलले, जिव्हाळा राहिला. हीच नावे गंभीर शोकगीतात आली, तर मात्र ओळ पोरकट होते.

शेवटी आकाशाचीही साक्ष काढावी. द्वितीयेच्या कोरीवर सशाची पूर्ण आकृती दिसत नाही, म्हणून तेथे ‘शशांक’ खोटा पडतो, ‘चंद्रकोर’च खरी. दिवसभर चाळीस अंशांहून अधिक तापलेल्या सोलापूरच्या वैशाखात, रात्री अंगणात आडवे झाल्यावर ‘हिमांशू’ अगदी खरा वाटतो. उपाशी झोपडीवर ‘सुधाकर’ उगवला, तर अमृताचा उल्लेख एक तर पोकळ ठरतो किंवा जाणूनबुजून केलेला उपरोध. कवीला तो उपरोध अभिप्रेत आहे की नाही, हे पुढच्या ओळीतून दिसले पाहिजे. तसे दिसत नसेल, तर तेथे साधा ‘चंद्र’ लिहावा.