दीडशेच्या आसपासची बेरीज

ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी १९ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाली. १ ते ४९ आकड्यांच्या चेंडूंतून यंत्र सहा चेंडू बाहेर काढी आणि ते सहाही जुळले की पहिले बक्षीस. पहिल्याच सोडतीत ३, ५, १४, २२, ३० आणि ४४ हे आकडे निघाले. त्यांची बेरीज ११८. आकड्यांचा अभ्यास करून खेळणाऱ्यांमध्ये या बेरजेला फार मान आहे. बहुतेक सोडतींची बेरीज ११५ ते १८५ च्या दरम्यान येते, म्हणून या पट्ट्याबाहेरची तिकिटे घेऊच नका, असा सल्ला दिला जातो. सल्ल्याचा पहिला भाग खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि लोक त्यापायी पैसे घालवतात.

आधी खरा भाग पाहू. सहा आकड्यांची सर्वांत लहान बेरीज २१, आणि ती १-२-३-४-५-६ या एकाच संचाने होते. २२ साठीही एकच संच आहे, शेवटच्या ६ च्या जागी ७ घेतलेला. २३ साठी दोन आहेत: १-२-३-४-५-८ आणि १-२-३-४-६-७. २४ साठी तीन, २५ साठी पाच. जसजसे मध्याकडे जावे तसतशी ही संख्या झपाट्याने वाढते आणि १५० ही बेरीज देणारे संच दीड लाखाहून जास्त भरतात. पुढे ती तशीच उतरत २७९ पर्यंत जाते आणि तिथे पुन्हा एकच संच उरतो. दोन्ही बाजू सारख्या का? कोणताही संच घ्या आणि त्यातला प्रत्येक आकडा ५० मधून वजा करा. ३ चे ४७ होतात, ४४ चे ६ होतात. पहिल्या सोडतीच्या ११८ ला असा जोडीदार मिळतो १८२ चा, आणि दोन्हींची सरासरी १५०. प्रत्येक संचाला असा जोडीदार असल्याने सगळा ढीग १५० भोवती रचला जातो. एकूण १,३९,८३,८१६ संचांपैकी सुमारे सत्तर टक्के संच ११५ ते १८५ या पट्ट्यात बसतात. सोडतींचे निकालही साधारण त्याच प्रमाणात तिथे पडतात, यात नवल काही नाही.

आता चाळणी लावून पाहू. पट्ट्यातले एक तिकीट घेतले. निकाल पट्ट्यात येण्याची शक्यता सत्तर टक्के, म्हणजे दहात सात. पण पट्ट्यात सुमारे ९८ लाख संच आहेत आणि तुमचे तिकीट त्यातले एक. ९८ लाखांत एक या शक्यतेला दहात सातने गुणा, उत्तर येते जवळपास एक कोटी चाळीस लाखांत एक. चाळणी न लावता हीच शक्यता होती. पट्टा आणखी अरुंद करून फक्त १५० बेरजेचीच तिकिटे घेतली तरी तेच होते: निकाल तिथे येण्याची शक्यता घटते, आणि त्याच प्रमाणात स्पर्धक संचही घटतात. मोठ्या गावात लग्ने जास्त होतात म्हणून तिथे राहायला गेल्याने आपले लग्न लवकर जमत नाही, तसेच हे.

मुळात यंत्राला बेरीज ठाऊकच नसते. चेंडूंवर आकड्यांऐवजी ४९ पक्ष्यांची चित्रे काढली असती तरी सोडत अशीच झाली असती, आणि बेरजेचा प्रश्नच उद्भवला नसता. चाळणी विकणारा जुने निकाल दाखवून सत्तर टक्क्यांचा पुरावा देतो, तेव्हा एक तपासणी करता येते. यंत्राने आपोआप काढून दिलेली पुष्कळ तिकिटे घ्या आणि त्यांच्या बेरजा करा. त्यातलीही दहात साधारण सात त्याच पट्ट्यात पडतील. म्हणजे तो जे विकतो ते आंधळेपणाने घेतलेल्या तिकिटांतही असतेच.

तरीही आकड्यांच्या निवडीने एका गोष्टीत फरक पडतो: जिंकल्यावर बक्षीस किती जणांत वाटले जाईल यात. १४ जानेवारी १९९५ ला ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे निघाले. बेरीज १५९, चाळणीच्या अगदी मध्यावर. सुमारे १ कोटी ६३ लाख पौंडांचे पहिले बक्षीस तब्बल १३३ तिकिटांना लागले आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १ लाख २२ हजार पौंड आले. हे सहाही आकडे तिकिटावरच्या मधल्या रकान्यांतले होते. खूण करताना हात तिथेच जास्त जातो. चाळणीवाल्यांनाही तीच मधली, सगळ्यांना ‘योग्य’ वाटणारी तिकिटे हवी असतात, तेव्हा वाटेकरी वाढण्याचीच भीती जास्त.