श्रवणयंत्राआधी दाखला

मार्केट यार्डात हमाली करणारे पन्नाशीचे एक काका मुलाला घेऊन माझ्याकडे आले. "डॉक्टर, यंत्र पाहिजे, पण पैसे नाहीत," मुलगा म्हणाला. मी आधी कानात पाहिले. दोन्हीकडे मळ घट्ट बसलेला. मळ असताना केलेली तपासणी खोटे आकडे दाखवते, म्हणून तो काढून मगच ऑडिओग्राम करवला. उजवा कान ७२ डेसिबल, डावा ८५.

कायद्याने दोन्ही कानांचा ऱ्हास मोजतात. एकच कान गेला असेल तर दाखला बहुधा मिळत नाही, कारण टक्केवारीत चांगल्या कानाला पाचपट वजन असते. काकांचे दोन्ही कान ७० च्या पुढे, म्हणून अर्ज करायला हरकत नव्हती.

मुलाने swavlambancard.gov.in वर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा देऊन अर्ज भरला आणि नाशिकचे जिल्हा रुग्णालय निवडले. तेथे तपासणी पुन्हा होते. मुद्दाम कमी ऐकू येते असे दाखवू नये. शंका आल्यास बेरा चाचणी करतात, तीत रुग्णाच्या उत्तरावर काही अवलंबून नसते.

दाखला चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर केंद्राच्या 'एडिप' योजनेत यंत्र मिळू शकते. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास ते मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. उत्पन्नाचा दाखला जोडावा. गेल्या तीन वर्षांत असे यंत्र घेतलेले नसावे.

यंत्र मिळाल्यावर ऑडिओग्राम दाखवून आवाज जुळवून घ्या. न जुळवलेले यंत्र पेटीतच राहते.